निळी खूण कशाची साक्ष देते आणि कशाची देत नाही

वाचकाचे पत्र

मी कळव्याला राहतो, निवृत्त आहे. माझी मुलगी वाशीला बँकेत आहे. वय ३४, घटस्फोटित. तिचे नाव एका विवाह संकेतस्थळावर नोंदवले आहे. तिथे खारघरचे स्थळ आले : वय ३८, घटस्फोटित, महाप्याच्या कंपनीत नोकरी, स्वतःचा फ्लॅट. नावापुढे ‘व्हेरिफाइड’ अशी निळी खूण आहे. संकेतस्थळाकडून म्हणून एका बाईंचा दोनदा फोन आला. म्हणाल्या, “सगळी कागदपत्रे आम्ही तपासली आहेत, ११,८०० रुपये भरा, बैठक जुळवून देते.” मुलगी एकदा होरपळली आहे. हे संकेतस्थळ खरे आहे हे कसे ओळखू, आणि त्या खुणेवर किती विसंबू?

उत्तर

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर मागितलेले पैसे तूर्त भरू नका; त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते. आधी त्या निळ्या खुणेविषयी सांगते, कारण ती देणाऱ्या टेबलावर मी स्वतः चार वर्षे बसले आहे. नवी मुंबईतल्या एका विवाह संकेतस्थळाच्या छाननी विभागात माझी नोकरी होती, आणि आलेल्या प्रोफाइलला खूण द्यावी की नाही हे ठरवणाऱ्या आठ-दहा जणांपैकी मी एक होते. तिथे आम्ही नेमके काय पाहत होतो हे कळले की त्या खुणेचे वजन तुमचे तुम्हालाच कळेल.

नोंदणी करणाऱ्याच्या मोबाइलवर एक ओटीपी जातो आणि तो त्याने भरला की पहिली पडताळणी पूर्ण होते. यातून एवढेच सिद्ध होते की त्या वेळी तो क्रमांक त्याच्या हाताशी होता. सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे हे संकेतस्थळाला त्यातून समजत नाही. पुढे छायाचित्रे येतात. ती एकाच व्यक्तीची आहेत का, चेहरा स्पष्ट दिसतो का, एखाद्या नटाचा फोटो उचलून लावला आहे का, फोटोवर फोन नंबर लिहिला आहे का, एवढे पाहून ती मंजूर होतात. अनेक संकेतस्थळे आता याला सेल्फीची जोड देतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर मान वळवायला किंवा डोळे मिटायला सांगतात आणि तो जिवंत चेहरा प्रोफाइलमधल्या फोटोशी जुळवतात. ही पायरी खरोखर उपयोगाची आहे, कारण दुसऱ्याचे फोटो लावून बसलेला माणूस इथे बहुधा अडकतो.

त्यानंतर ओळखपत्र येते, आणि तुमच्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. आमच्या पडद्यावर डावीकडे प्रोफाइल आणि उजवीकडे अपलोड केलेले आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवाना असे. आम्ही चार गोष्टी जुळवून पाहत होतो : नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि चेहरा. त्या जुळल्या की खूण दिली जाई आणि पुढचे प्रोफाइल समोर येई. एका प्रोफाइलला दोन मिनिटेही मिळत नसत. काही संकेतस्थळे हेच काम डिजीलॉकरमार्फत करतात. तिथे कागद देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडूनच तपशील येतो, म्हणून त्यात खाडाखोड करता येत नाही, आणि नुसता फोटो काढून चढवलेल्या कार्डापेक्षा तो मार्ग अधिक भरवशाचा आहे. मात्र मार्ग कोणताही असला तरी जुळवल्या जातात त्या गोष्टी तेवढ्याच.

आता त्या चार गोष्टींमध्ये काय नाही ते पाहा. वैवाहिक स्थिती नाही, पगार नाही, नोकरी नाही, फ्लॅट नाही. आधार कार्डावर किंवा पॅन कार्डावर माणूस विवाहित, अविवाहित की घटस्फोटित हे लिहिलेलेच नसते. त्यामुळे ते कितीही काटेकोरपणे तपासले तरी हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. प्रोफाइलवरचा ‘घटस्फोटित’ हा शब्द त्या माणसाने नोंदणी करताना यादीतून स्वतः निवडलेला असतो. आमच्याकडे पगाराची चिठ्ठी चढवण्याची सोय होती, पण ती ज्याला हवी त्याने वापरायची होती, आणि कोणी चढवली तरी आम्ही तिच्यावरचे नाव व आकडा वाचत असू, कंपनीला फोन करत नसू. त्या बाईंनी तुम्हाला “सगळी कागदपत्रे” म्हणून सांगितले, ती बहुधा एक ओळखपत्र आणि एक सेल्फी एवढीच असतील.

याची खात्री तुम्ही आत्ताच करू शकता. प्रोफाइल उघडून त्या निळ्या खुणेवरच बोट ठेवा. बऱ्याच संकेतस्थळांवर एक छोटी चौकट उघडते आणि काय तपासले आहे, मोबाइल, फोटो की ओळखपत्र, ते तिथे लिहिलेले असते. तुमच्या मुलीच्या प्रोफाइलला खूण मिळवण्यासाठी तुम्ही काय काय दिले होते तेही आठवून पाहा. तिचा घटस्फोटाचा हुकूमनामा त्यांनी तुमच्याकडे मागितला होता का? मागितला नसेल, तर समोरच्याकडेही मागितलेला नाही असे खुशाल समजा.

मला हे इतके ठासून सांगावेसे वाटते, कारण अशी एक खूण मी माझ्या हाताने दिलेली आहे. पासपोर्टचे पहिले पान, सेल्फी, मोबाइल, सगळे चोख होते आणि स्थितीच्या रकान्यात ‘घटस्फोटित’ होते. तीन आठवड्यांनी त्याच्या पत्नीची तक्रार आली. परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याचा अर्ज दोघांनी दाखल केला होता, पण हुकूमनामा झालेला नव्हता, आणि तोवर तिकडे एका कुटुंबाशी त्याची बोलणी साखरपुड्यापर्यंत गेली होती. त्याने नाव खोटे दिले नव्हते, वय खोटे दिले नव्हते, फोटो त्याचाच होता. आमच्या नियमांप्रमाणे माझे कोणतेही काम चुकले नव्हते, आणि तरीही त्या मुलीच्या आईवडिलांनी ज्या खुणेवर विश्वास ठेवला ती मी दिलेली होती. ही गोष्ट मी विसरू शकलेले नाही.

हा प्रकार समजून घ्यायला हवा, कारण घटस्फोटितांच्या स्थळांत हाच घोटाळा सर्वांत जास्त होतो आणि तो करणारा माणूस प्रत्येक वेळी ठग असतोच असे नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे परस्पर संमतीचा अर्ज दाखल केल्यानंतर सर्वसाधारणपणे सहा महिने थांबावे लागते आणि त्यानंतर दोघांनी पुन्हा न्यायालयात येऊन संमती कायम असल्याचे सांगावे लागते. हा काळ माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे, पण तो आपोआप माफ होत नाही. या मधल्या काळात दोघेही कायद्याने पतिपत्नीच असतात आणि दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते. मात्र वेगळे राहणाऱ्या माणसाच्या मनाने ते लग्न केव्हाच संपलेले असते, म्हणून तो सरळ ‘घटस्फोटित’ निवडतो. मोठ्या संकेतस्थळांवर यासाठी “Awaiting Divorce” असा वेगळा पर्याय असतो, परंतु तो निवडला की स्थळे कमी येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिले लग्न कायद्याने उभे असताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते, आणि ते करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे गुन्हाही आहे. त्याची झळ मात्र तुमच्या मुलीलाच लागेल.

म्हणून खारघरच्या या स्थळाकडे पहिल्या भेटीच्या आधीच घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत मागा. संकोच करू नका. तुमची मुलगीही त्याच वाटेने गेलेली आहे, त्यामुळे “आम्ही आमच्या हुकूमनाम्याची प्रत दाखवतो, तुम्ही तुमची दाखवा” असे म्हणता येईल, आणि असे म्हटल्यावर सरळ माणसाला राग येण्याचे कारण उरत नाही. प्रत हाती आली की आधी त्या कागदाचे शीर्षक वाचा. ती अर्जाची प्रत आहे, संमतीपत्राची आहे, वकिलाच्या नोटिशीची आहे, की न्यायाधीशांची सही आणि तारीख असलेला अंतिम हुकूमनामा आहे? शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर लिहिलेला ‘घटस्फोटनामा’ पुढे केला गेला, तर हिंदू विवाहापुरते सांगायचे तर, ज्यांच्यात रूढीने घटस्फोटाची मान्यता सिद्ध झालेली आहे असे अपवाद सोडल्यास, त्या कागदाने लग्न मोडत नाही.

त्यानंतर प्रकरण क्रमांक पाहा. आपल्याकडच्या कौटुंबिक न्यायालयांत परस्पर संमतीच्या अर्जांना सहसा ‘एफ’ आणि एकतर्फी मागितलेल्या घटस्फोटाच्या अर्जांना ‘ए’ असे अक्षर असते. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे ही प्रकरणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात आणि त्यांना विवाह अर्ज म्हणून क्रमांक पडतो. मुलगा खारघरला राहतो म्हणून प्रकरण ठाण्यात किंवा पनवेलमध्येच असेल असे धरून चालू नका. लग्न जिथे झाले तिथे, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले तिथे, किंवा पत्नी माहेरी जिथे राहते तिथेही ते चाललेले असू शकते. सातारचे किंवा नाशिकचे न्यायालय दिसले म्हणून शंका घेण्याचे कारण नाही.

प्रतीवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असेल किंवा त्यांनी तो दिला, तर services.ecourts.gov.in या सरकारी संकेतस्थळावर तो टाकून प्रकरण निकाली निघाले आहे की अजून प्रलंबित आहे, आणि निकालाची तारीख कोणती, हे पाहता येते. महाराष्ट्रातल्या न्यायालयांचा हा क्रमांक एमएच या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. वैवाहिक प्रकरणांत पक्षकाराच्या नावावरून शोध लागेलच असे नाही, म्हणून क्रमांकच मागून घ्यावा. तिथे निकालाचे स्वरूपही पाहा. अर्ज मागे घेतला गेला किंवा कोणी हजर न राहिल्याने काढून टाकला गेला, तरीही प्रकरण ‘निकाली’ असेच दिसते, आणि लग्न मात्र कायम असते. ही चूक शिकलेली माणसेही करतात.

हुकूमनामा लढून मिळालेला किंवा दुसरी बाजू गैरहजर असताना एकतर्फी मिळालेला असेल, तर अजून एक गोष्ट पाहावी लागते. कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत अपील न होता संपल्यावर, किंवा झालेले अपील फेटाळले गेल्यावरच पुन्हा लग्न करता येते. तुमच्या मुलीच्या प्रकरणात ज्या वकिलांनी काम केले त्यांना ही प्रत दाखवा. त्यांचे दहा मिनिटांचे काम आहे. संमतीच्या हुकूमनाम्यात सहसा हा प्रश्न येत नाही.

पासपोर्ट असल्यास त्याचे शेवटचे पानही पाहण्यासारखे असते, कारण त्यावर पती किंवा पत्नीच्या नावाचा रकाना असतो. आम्ही पडताळणीत फक्त फोटोचे पान मागत होतो, शेवटचे पान नाही. रकाना कोरा असला तर काही सिद्ध होत नाही, कारण लग्नानंतर तो भरून घ्यायला बरेच जण जात नाहीत. पण त्यात नाव असेल तर त्याविषयी विचारता येते.

फ्लॅटविषयी थोडे लिहिते. फ्लॅट आहे की नाही याहून तो कोणाकोणाच्या नावावर आहे हे तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण पहिल्या लग्नात पतिपत्नीने मिळून घेतलेले घर आणि त्यावरचे दोघांच्या नावाचे कर्ज घटस्फोटानंतरही तसेच लोंबकळत राहिलेले मी पाहिले आहे. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांचा मोफत शोध घेता येतो आणि तिथे मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनवर, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, खरेदीदारांची नावे असतात. शोधताना जिल्हा ठाणे निवडू नका. खारघर नवी मुंबईत गणले जात असले तरी महसुली हिशेबाने ते रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात येते, आणि ठाण्यात शोधून काही सापडले नाही म्हणून माणूस खोटा असे ठरवणे अन्यायाचे होईल. इमारतीचा भूखंड क्रमांक आणि सेक्टर माहीत नसेल तर हा शोध अवघड जातो. अशा वेळी सोसायटीच्या मेंटेनन्सचे अलीकडचे बिल कोणाच्या नावाने येते एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. नोकरीसाठी महाप्याच्या त्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडे केलेली चौकशी कोणत्याही पगारचिठ्ठीपेक्षा खरी, आणि वाशी-महापे पट्ट्यात तुमच्या मुलीच्या बँकेच्या ओळखीतून असा माणूस मिळणे कठीण नाही.

आता संकेतस्थळ आणि तो फोन. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कृपया लक्षात घ्या. संकेतस्थळ अगदी खरे असेल आणि फोन करणारी व्यक्ती त्यांची नसेल असेही होते, कारण प्रोफाइलवरून तुमचा क्रमांक पाहू शकणारा कोणीही सभासद तो दुसऱ्याला देऊ शकतो.

संकेतस्थळासाठी सर्वांत खाली असलेले ‘अटी व शर्ती’ हे पान उघडा. तिथे ते चालवणाऱ्या कंपनीचे पूर्ण नाव आणि नोंदणीकृत पत्ता असायला हवा. ते नाव mca.gov.in या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकले की कंपनी नोंदलेली आहे का, कधी नोंदली, आणि चालू आहे की बंद झाली, हे दिसते. संकेतस्थळाचा पत्ता lookup.icann.org वर टाकला की तो पत्ता कोणत्या दिवशी नोंदवला गेला हेही बहुधा दिसते. “पंधरा वर्षांची परंपरा” सांगणाऱ्या मंडळाचा पत्ता चार महिन्यांपूर्वी घेतलेला निघाला, तर पुढे काही तपासण्याची गरज नाही. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने विवाह संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या. त्यांत सभासदाच्या ओळखीची व पत्त्याची कागदपत्रे घेणे, नोंदणी कोणत्या आयपी पत्त्यावरून झाली हे जतन करणे आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करणे यांचा समावेश आहे. म्हणून तक्रार अधिकाऱ्याचे नाव त्या पानावर नसेल तर तो गंभीर दोष समजावा.

त्याच अटींमध्ये एक वाक्य तुम्हाला जवळजवळ खात्रीने सापडेल : सभासदांनी दिलेल्या माहितीच्या सत्यतेची हमी कंपनी देत नाही. ते शोधून वाचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे अशी संकेतस्थळे मध्यस्थ मानली जातात, आणि कायद्याने घातलेली पथ्ये पाळली तर सभासदाने लिहिलेल्या खोट्या मजकुराची जबाबदारी त्यांच्यावर सहसा येत नाही. फोनवर “आम्ही सगळे तपासले आहे” म्हणणारी व्यक्ती कंपनीचीच असली, तरी तिच्या कंपनीने लेखी नेमके याच्या उलट लिहून ठेवलेले असते. मला हे अन्यायाचे वाटते आणि नोकरीत असतानाही वाटत होते. जे लेखी द्यायची तयारी नाही ते फोनवर वदवून घेऊन पैसे मागू नयेत.

११,८०० ही रक्कम मात्र संशयास्पद नाही. १०,००० रुपये सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के म्हणजे १,८०० रुपये जीएसटी असा तो हिशेब दिसतो. म्हणूनच त्या बाईंना एकच सांगा : “पैसे आम्ही तुमच्या अ‍ॅपमध्ये आमच्या खात्यात जाऊन भरू, त्याआधी मेलवर सेवेचा तपशील आणि कंपनीचा जीएसटी क्रमांक पाठवा.” हा क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि services.gst.gov.in वर टाकला की ज्या नावाने घेतला आहे ते नाव दिसते. ते नाव ‘अटी व शर्ती’तल्या कंपनीचेच हवे. कंपनीची नोंदणी दुसऱ्या राज्यात असेल तर सुरुवातीचे आकडे वेगळे असतील, आणि बिलावर केंद्र व राज्याचे नऊ-नऊ टक्के असे दोन भाग न दिसता आयजीएसटी म्हणून एकच १८ टक्के दिसेल. त्यात वावगे काही नाही. मात्र यूपीआयने पैसे भरण्यासाठी एखादा मोबाइल क्रमांक किंवा क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि पैसे भरण्याआधी पडद्यावर कंपनीऐवजी कोणा व्यक्तीचे नाव दिसले, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

फोन खरा निघाला, जीएसटी क्रमांक जुळला, तरीही ही रक्कम भरावी असे माझे मत नाही. स्थळ तुम्हाला आधीच दिसले आहे, आणि तुमच्या सध्याच्या सभासदत्वात संपर्क क्रमांक पाहता येत असेल तर बैठक तुम्ही स्वतः ठरवू शकता. या सेवेत ‘पडताळणी’ म्हणून काही अधिक मिळणार असेल, तर हुकूमनामा पाहिला जाईल का एवढे लेखी विचारा. आमच्याकडे अशा महागड्या सेवेतल्या प्रोफाइलची छाननी त्याच टेबलावर, त्याच चार गोष्टींवर होत असे.

तुमच्याकडून कागद देताना मुलीच्या आधारची पूर्ण प्रत समोरच्याला किंवा फोन करणाऱ्या बाईंना पाठवू नका. आधारच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत उतरवून घेता येते, ती पुरेशी आहे. समोरच्याने आधार दाखवलेच तर त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपने वाचून पाहा. त्यातले नाव कार्डावर छापलेल्या नावाशी जुळले नाही, तर कार्ड बदललेले आहे.

आणि हुकूमनाम्याविषयी विचारल्यावर उत्तरे टाळली जाऊ लागली, किंवा प्रकरण प्रलंबित निघाले, तर रागाने लगेच त्या प्रोफाइलला ब्लॉक करू नका. ब्लॉक केल्यावर ते तुम्हाला दिसेनासे होऊ शकते आणि मग दाखवायला हाती काही उरत नाही. आधी पूर्ण प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात प्रोफाइल क्रमांक, ‘घटस्फोटित’ हा रकाना आणि निळी खूण एकाच चित्रात येतील असे पाहा, झालेले संभाषण साठवून ठेवा, आणि मग तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि, २०२६ च्या दुरुस्तीनंतर, तिचा निपटारा ७ दिवसांत व्हायला हवा. मेलमध्ये “हे प्रोफाइल खोटे आहे” असे मोघम लिहू नका. तशा तक्रारी आमच्याकडे ढिगाने येत आणि ओळखपत्र पुन्हा जुळवून, जुळले म्हणून, बंद केल्या जात. “वैवाहिक स्थिती चुकीची आहे, अमुक न्यायालयात अमुक क्रमांकाचे प्रकरण आज प्रलंबित दिसते, सोबत चित्र जोडले आहे” असे लिहिले, तर टेबलावर बसलेल्या मुलीला ते बाजूला सारता येत नाही.